पेटीत जाणारं आणि पेटीतून येणारं

प्रिय मुली,

घर शिळं वाटतंय, उशांचे नवे अभ्रे आणि नवे पडदे घ्यावेत असं मनात आहे, हे तू लिहिलंस. त्याच पत्रात पुढे, कपाटावर तीन पिशव्या नुसत्या कोंबलेल्या आहेत आणि त्यात काय आहे ते आता आठवतही नाही, हेही लिहिलंस. ही दोन वाक्यं एकमेकींशेजारी ठेवून बघ. तुझ्याकडे कमी काहीच नाही. जे आहे ते एक तर सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर आहे किंवा अशा जागी आहे की काढायचा कंटाळा येतो.

ऋतूप्रमाणे घर बदलायचं म्हटलं की लोक काढण्याच्या दिवसाचा विचार करतात. मी ठेवण्याच्या दिवसाचा करते. चार महिन्यांनी पेटी उघडल्यावर अभ्रे इस्त्री केलेले, कोरडे आणि बिनवासाचे निघाले तर अर्ध्या तासात खोली बदलते. चुरगळलेले, कुबट आणि पिवळे डाग पडलेले निघाले तर तू झाकण परत लावशील आणि दुकानाकडे वळशील. म्हणून या पत्रात मी जास्त ठेवण्याबद्दलच लिहिणार आहे.

आधी त्या पिशव्या जमिनीवर ओत आणि मोज. समजा, एका बैठकीच्या खोलीसाठी असं निघालं: सोफ्यावर पाच उशा, पण अभ्रे एकोणीस. त्यातल्या चारांच्या चेनी तुटलेल्या किंवा रंग उडालेला. ते बाजूला काढून पुसायला वापर, पेटीत ठेवू नकोस. उरले पंधरा, म्हणजे पाचाचे तीन संच. पडद्यांच्या दोन जोड्या, एक पातळ आणि एक जाड. सोफ्यावर टाकायची एक लोकरी शाल, एक सुती चादर. सहा तसबिरी, आणि फुलदाण्या-वाट्या-मेणबत्तीची घरं मिळून नऊ-दहा वस्तू. एवढ्यात एका खोलीचे तीन ऋतू निघतात. यातलं साधारण निम्मं बाहेर राहील आणि निम्मं पेटीत.

पेटीत फक्त अभ्रे जातील, उशा नाहीत. उशी जागा खाते, आणि हवा काढायच्या पिशवीत दाबून ठेवलेली फोमची उशी महिनोन्‌महिने चेपलेली राहिली तर पुन्हा पूर्वीसारखी फुगत नाही. उशा वर्षभर त्याच, कपडे तेवढे बदलायचे. त्यासाठी सगळे अभ्रे एकाच मापाचे हवेत. पुढे कधी शिवून घेशील तेव्हा अभ्रा उशीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर लहानच शिव, म्हणजे उशी भरीव दिसते.

पेट्या दोनच घे, झाकणाच्या, साधारण 60 बाय 40 बाय 30 सेंटीमीटरच्या. जाड पडद्यांची एक जोडी, अभ्र्यांचे दोन संच आणि शाल एका पेटीत बसतात. दुसरी पेटी फुटणाऱ्या वस्तूंची. तिसरी पेटी लागतेय असं वाटलं तर काहीतरी काढून टाकायची वेळ झाली असं समज. मी स्वतः एकदा चौथ्या पेटीपर्यंत गेले होते, आणि तिच्यात मुख्यतः इतर पेट्यांची झाकणं सापडली होती.

आता धुणं. दिसायला स्वच्छ आहे म्हणून कधीही ठेवू नकोस. घामाचे, तेलाचे, गोड पेयाचे शिंतोडे ओले असताना दिसतात, वाळले की दिसेनासे होतात, आणि पेटीत पडून राहिल्यावर हवेशी हळूहळू संयोग होऊन पिवळे-तपकिरी होतात. तोवर ते धाग्यात मुरलेले असतात आणि सहसा निघत नाहीत. दुसरी गोष्ट कसरीची. आपण सरसकट कसर म्हणतो, पण कपडे खाणारे किडे वेगवेगळे असतात. एक पतंगाची अळी. ती लोकर, रेशीम, पिसं असं प्राण्यांपासून आलेलं खाते. नुसत्या स्वच्छ सुती कापडाला ती सहसा तोंड लावत नाही, पण घामट, डागाळलेल्या कापडावर डाग खाता खाता कापडही खाते. दुसरा चंदेरी, बिनपंखी, सुळकन पळणारा किडा. त्याला खळ आणि कागद आवडतो. म्हणून ठेवणीतल्या सुती कापडाला खळ घालू नकोस. कडकपणा हवा असेल तर बाहेर काढशील तेव्हा घाल.

वाळवण्यात बहुतेक जण फसतात. कापड मधे कोरडं लागतं, पण पडद्याची खालची दुमड, चेनीची शिवण आणि वरची जाड पट्टी आतून ओली असते. ती दुमड गालाला लाव. थंड लागली तर अजून ओल आहे. इस्त्रीनंतरही लगेच घडी घालून पेटीत टाकू नकोस, वाफ आत अडकते. रात्रभर दोरीवर राहू दे. हवा दमट असेल त्या दिवसांत भरण्याचं काम हाती घेऊच नकोस. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या बरीच वर बराच काळ राहिली की बुरशीला फावतं, आणि बंद पेटीत तू जी हवा कोंडतेस ती त्या दिवसाचीच असते. ऋतू पालटायची तारीख चार दिवस मागेपुढे झाली तर बिघडत नाही. कोरडा, उन्हाचा दिवस बघ.

घडी घालताना धुतलेली जुनी सुती चादर पेटीच्या तळाला आणि बाजूंना अंथर. कच्च्या लाकडातून आणि साध्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून आम्ल झिरपतं आणि टेकलेलं कापड पिवळं पडतं. वर्तमानपत्राची शाईही लागते. पडद्यांची घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घाल, नाहीतर एकाच दुमडीवर धागे झिजतात. उजेड अडवणारे, मागून लेप दिलेले पडदे घडी न घालता गुंडाळ. त्यांचा लेप दुमडीवर तडकतो. गालिचाही गुंडाळायचाच. त्याला खाली रबर असेल तर प्लास्टिकमध्ये लपेटू नकोस, दोन्ही एकमेकांना चिकटतात.

डांबरगोळ्यांचं माझं मत कडक आहे. मी एका वर्षी मूठभर गोळ्या प्लास्टिकच्या पेटीत टाकल्या. पुढचा सगळा हंगाम खोलीला त्यांचाच वास होता, आणि गोळ्या जिथे टेकल्या होत्या तिथे पेटीचा तळ चिकट झाला होता. त्यांची वाफ श्वासात जाणंही चांगलं नाही. सुगंधी पुरचुंड्यांनी अळ्या मरत नाहीत, फक्त कापडाला वास येतो. लोकरी शाल धुवून, झटकून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवणं हाच खरा उपाय. दर दोन महिन्यांनी पेटी उघडून हुंग. लोकरीवर बारीक जाळी, वाळूसारखे कण किंवा वेडीवाकडी भोकं दिसली तर शाल पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस. शाल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांब, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं. गालिच्याला हे जमत नाही. तो दोन्ही बाजूंनी ब्रशने झाडून, शक्य तर व्हॅक्यूमने ओढून घे.

एक बारीकसं, पण याच कारणाने दुसरी जोडी वर्षानुवर्षं पेटीत पडून राहते: पडद्याचे हूक. जोडी उतरवली की तिचे हूक मोजून एका छोट्या कापडी पिशवीत घाल आणि पिशवी त्याच पडद्याला बांध. तसबिरींसाठीही अशीच युक्ती आहे. मागची तार ओढून ताणल्यावर तिचं टोक चौकटीच्या वरच्या कडेपासून सहा सेंटीमीटरवर यावं, असं सगळ्या सहा तसबिरींना बांध. मग खिळा तोच राहतो, तसबीर बदलली तरी वरची कड त्याच रेषेत येते. भिंतीला नवं भोक नाही. तसबिरींची पाळी लावण्याला आणखी एक कारण आहे. उजेडाने रंग उडतो तो कायमचा, अंधारात ठेवून परत येत नाही. पण वर्षातले सहाच महिने भिंतीवर असलेलं चित्र निम्माच उजेड खातं. पडद्यांचंही तेच.

थंडी संपली असं धर. जाड पडदे, शाल आणि गडद अभ्रे उतरले, धुतले, वाळले. त्या दिवशी पातळ पडदे लगेच लावू नकोस. खोली एक रात्र उघडी राहू दे. सकाळी दारातून बघ, उजेड कुठे पडतो, कोणती भिंत रिकामी असताना बरी वाटते. मग आधी पडदे लाव, कारण खोलीतलं सर्वात मोठं कापड तेच, आणि उजेडाचा रंगही तेच ठरवतात. नंतर अभ्रे, आणि मग फक्त एक कोपरा: एक तसबीर, दोन-तीन वस्तू. दहाही वस्तू एकदम मांडल्या तर पुढच्या खेपेला बदलायला काय उरणार? जाड पडदे पातळ पडद्यांच्या रिकाम्या जागी गेले, पेटी पुन्हा तेवढीच भरली. झाकणाच्या आत चिठ्ठी लाव: कोणत्या खोलीचं, काय काय, कधी धुतलं, आणि काय दुरुस्त करायचं राहिलंय. मांडून झालेल्या खोलीचा एक फोटो काढून ठेव. पुढच्या वर्षी तसंच मांडायचं म्हणून नव्हे, तर तसंच नको म्हणून.

मेणबत्त्या पेटीत उभ्या नकोत, आडव्या ठेव आणि माळ्यावर नको, उन्हाळ्यात वाकतात. फुलदाण्या आतून पूर्ण वाळल्या आहेत ना, ते बोट घालून बघ.

पिशव्या ओतल्यावर काय काय निघालं ते लिही. अभ्र्यांत एक माझ्याकडून नेलेला निळा असेल तर तो परत पाठव, पाचाचा संच चारावर अडकलाय.

तुझी,
मावशी