बढतीचं पत्र: सही करण्याआधी पगाराचा तक्ता उलगडा

प्रश्न: आयटी कंपनीत सीनियर इंजिनिअरचा टीम लीड झालो, पण पगारवाढ जेमतेम 5 टक्के. पत्रावर सही करू, भांडू की सरळ नोकरी बदलू?

सही दोन दिवस थांबवा. पत्राला जोडलेला पगाराचा तक्ता मागच्या वर्षीच्या तक्त्याशेजारी ठेवा आणि एकेक ओळ जुळवून बघा. मी पुण्यात अशाच कंपनीत मॅनेजर आहे आणि अप्रेझलच्या बैठकांना बसते. वरची श्रेणी मिळाली की पगाराची रचनाही बदलते, आणि सीटीसीच्या एका आकड्यावरून ते कळत नाही.

उदाहरण घेऊ. जुना सीटीसी 12 लाख, त्यात व्हेरिएबल 5 टक्के, म्हणजे 60 हजार. नवा सीटीसी 12 लाख 60 हजार. पण लीडच्या श्रेणीत व्हेरिएबल 10 टक्के असेल, तर ते होतं 1 लाख 26 हजार. आता खात्रीचा भाग मोजा: आधी 11 लाख 40 हजार होता, आता 11 लाख 34 हजार. म्हणजे वाढ मिळूनही खात्रीचे पैसे 6 हजारांनी कमी झाले. गोष्ट इथेच संपत नाही. बेसिक सीटीसीच्या 40 टक्के असेल तर ते वर्षाला 24 हजारांनी वाढतं. पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर तुमचा आणि कंपनीचा हिस्सा प्रत्येकी 2,880 रुपयांनी वाढतो, आणि सीटीसीत धरलेली ग्रॅच्युइटी साधारण 1,150 रुपयांनी. पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही, पण दरमहा हातात येणारी रक्कम हजारेक रुपयांनी घटते. बढतीचा फायदा किती, हे व्हेरिएबल किती मिळतं त्यावर ठरतं, आणि ते कंपनीच्या निकालांवरही अवलंबून असतं.

त्याच पत्रात नोटीस पिरियडही बघा. श्रेणी बदलताना तो 60 दिवसांचा 90 झालेला असू शकतो आणि पगाराच्या नादात ते नजरेतून सुटतं. पुढे नोकरी बदलायची वेळ आली तर हा एक महिना फार महागात पडतो, कारण बऱ्याच कंपन्या 90 दिवस थांबायला तयार नसतात.

हिशोब हातात आला की मॅनेजरशी बोला. “वाढ कमी आहे” असं म्हटलंत तर “यंदा बजेट नाही” हे उत्तर मिळेल, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पत्रं निघेपर्यंत टीमच्या वाट्याचे पैसे वाटून झालेले असतात. म्हणून विचारायचं ते असं: लीडच्या श्रेणीचा पगाराचा बँड काय आहे, आणि त्यात मी कुठे बसतो? तुम्ही बँडच्या तळाशी किंवा तळाच्याही खाली असाल, तर मागणी उपकाराची राहत नाही, दुरुस्तीची होते. एचआरकडे अशा दुरुस्तीसाठी वर्षाच्या मध्ये वाट असू शकते. ती आत्ताच मागितली पाहिजे, कारण पुढच्या वर्षीचे टक्केही याच कमी आकड्यावर लागतील.

पैसे लगेच मिळणार नसतील तर मॅनेजरच्या आवाक्यातल्या गोष्टी मागा: यंदापुरतं व्हेरिएबल 5 टक्केच ठेवा, नोटीस 60 दिवसांचीच ठेवा, किंवा ऑक्टोबरमध्ये पगाराचा पुन्हा विचार करा. तोंडी होकार मिळाला तर त्याच दिवशी मेल टाका: “आज ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये बँडनुसार पगाराचा फेरविचार होईल, हे माझ्या समजुतीप्रमाणे बरोबर आहे ना?” मॅनेजर बदलतात, आणि नव्या मॅनेजरपुढे तोंडी शब्दाला काही किंमत नसते.

भांडून राजीनामा देऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. कामही बदललं असेल, म्हणजे माणसं तुमच्या हाताखाली आली, रिव्ह्यू तुम्ही घेता, क्लायंटशी तुम्ही बोलता, तर हे पद घ्या आणि आठ-दहा महिने ते काम मनापासून करा. बाहेर मुलाखतीत “किती जणांची टीम, कोणती डिलिव्हरी” असंच विचारतात, आणि पत्र मिळून महिनाच झाला असेल तर सांगण्यासारखं काही नसतं. काम तेच आणि फक्त पदाचं नाव बदललं असेल, तर मात्र इतकं थांबायची गरज नाही.

बाहेर बोलताना एक अडचण येतेच. सध्याचा सीटीसी विचारतात, सॅलरी स्लिप मागतात आणि त्यावर 25-30 टक्के चढवून ऑफर देतात, त्यामुळे आजचा कमी आकडा तिथेही आड येतो. आकडा लपवू नका. फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगवेगळे सांगा, आणि लीडच्या कामासाठी तुमची अपेक्षा काय आहे ते टक्क्यांत न सांगता थेट रुपयांत सांगा. त्यासाठी दोन-तीन कंपन्यांत लीडला किती देतात, हे ओळखीच्या लोकांकडून आधीच काढून ठेवा.