पाण्याचा दिवस आणि पहिलं वाक्य

"मॅडम, मी काही बोलायला तोंड उघडलं की हे एकतर अंगावर येतात, नाहीतर चप्पल घालून बाहेर पडतात. मग बायकोनं तक्रार करायचीच नाही का?"

करायची. मनात दाबून ठेवलेली तक्रार कुजते. पण कशाविषयी करायची हे आधी नीट पाहू या. त्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. बायको घरी शिकवण्या घेते. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे इथं कुणाला सांगायला नको. मी दोघांना म्हटलं, घरी भांडता तसंच इथं बोला. मी फक्त लिहून घेते.

ती म्हणाली, "तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही. नेहमीचंच आहे तुमचं. आईनं लाडावून ठेवलंय." तो म्हणाला, "दिवसभर मशीनपाशी उभा मी असतो, तू काय करतेस?" मग तिला दिवाळीची साडी आठवली आणि त्याला मेहुण्याला दिलेले पैसे. एक मिनिटही झालं नव्हतं, आणि पाण्याचा शब्दसुद्धा निघाला नव्हता.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकारी सिबिल कॅरेर यांनी 124 नवविवाहित जोडप्यांना मतभेदाच्या एका विषयावर पंधरा मिनिटं बोलायला लावलं आणि पुढची सहा वर्षं त्यांचा मागोवा घेतला. 1999 साली त्यांनी मांडलं की कोणती जोडपी घटस्फोटापर्यंत जातील, याचा अंदाज त्या बोलण्याच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच बांधता येत होता. सुरुवात कडवट झाली की पुढचं बोलणं सहसा त्याच वळणावर जातं. म्हणून मी पहिल्या वाक्यावरच हटून बसते.

वही तिच्यापुढे सरकवली. "पडलेलंच नाही", "नेहमीचंच", "लाडावून ठेवलंय" यांच्याखाली रेघा मारल्या होत्या. हे तिन्ही शब्द नवरा कसा आहे ते सांगतात. काय घडलं, ते एकही सांगत नाही. "तू मुळातच असा" म्हटल्यावर माणूस स्वतःला वाचवण्यापलीकडे काय करणार? मी विचारलं, "दारात कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मंगळवारी पहाटे पाणी आलं. मोटर बिघडलेली. मी एकटीनं बारा घागरी जिन्यानं वर नेल्या. रात्री फोन आला असता की डबल शिफ्ट आहे, तर भावाला बोलावलं असतं." नवऱ्यानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

तक्रार इथं होती. घागरी उचलल्या नाहीत यापेक्षा, येणार नाही हे कळवलं नाही याची. आम्ही तिचं वाक्य बांधायला घेतलं: काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवंय. तिचा पहिला प्रयत्न होता, "मला वाटतं तुम्ही बेजबाबदार आहात." इथं बहुतेकजण अडकतात. "मला वाटतं" पुढे लावलं तरी तो ठपकाच राहतो. वाटणं म्हणजे दमणं, एकटं पडणं, भीती, राग. शेवटी वाक्य असं झालं: "मंगळवारी पाणी मी एकटीनं भरलं. फार दमले आणि एकटं वाटलं. पुढच्या पाण्याच्या आदल्या रात्री नऊपर्यंत तुम्ही घरी असणार की नाही, तेवढं फोन करून सांगाल?" यात मागणी एकच आहे, आणि ती पाळली की नाही हे दोघांनाही कळतं. साडीचा विषय त्या दिवशी काढायचा नाही असं ठरलं. नाईट करून आलेल्या माणसाला उंबऱ्यातच गाठायचं नाही, हेही.

घरी पहिल्या वेळी जमलं नाही. तिनं वाक्य बरोबर म्हटलं, पण आवाजात धार होती, आणि तो "झालं सुरू" म्हणून उठला. वर्षानुवर्षांची सवय एका वाक्यानं जात नाही. शिवाय त्याच्याही वाटचं काम होतंच: उत्तर देण्याआधी "बारा घागरी? एकटीनं?" एवढं तरी विचारणं. त्यानंतरच्या पाण्याला त्याचा फोन आला. एकदा विसरला, तेव्हा तिनं त्या एका रात्रीबद्दलच विचारलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमच्या घरी हात उगारला जात असेल, बोलायचीच भीती वाटत असेल, तर मऊ शब्द शोधत बसू नका. तिथं दोष तुमच्या सुरुवातीचा नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

चौथ्या भेटीत तोच बोलायला लागला. "तू नेहमी चारचौघांत..." आणि मध्येच थांबला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "रविवारी भावासमोर तू माझ्या पगाराचं बोललीस. मला लाज वाटली. ते आपण दोघंच असताना बोलशील का?"

ती म्हणाली, "बोलेन. तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता, मी पाहिलं होतं."