ओढ्याजवळच्या भरावाचे घनमीटर: ७५० की ५४०?

प्रश्न: वाळवा तालुक्यात ओढ्यावरच्या स्लॅब कल्व्हर्टला जोडणारा भराव पूर्ण झालाय. माथा ७.५ मी., बाजूचा उतार २:१, सेक्शन दर ३० मीटरवर. चेनेज १५० ला उंची १ मी., १८० ला (अबटमेंटच्या मागच्या तोंडाशी) ३ मी. सरासरी क्षेत्रफळाने ७५० घनमीटर येतात. डंपरच्या हौद्याच्या मापाने मुरूम ७२० पडला. जवळपास जुळतंय ना? की प्रिझमॉइडल लावू?

उत्तर: जुळत नाही. ७५० हे रोलिंग झालेल्या भरावाचं माप आहे आणि ७२० हौद्यातल्या सैल मुरमाचं. समजा सैल मुरमाची कोरडी घनता १.३५ आणि दाबल्यावरची १.८० आहे. मग ७२० × १.३५ ÷ १.८० = ५४० घनमीटर. म्हणजे तब्बल २१० घनमीटरचा फरक आहे, आणि दोन आकडे योगायोगाने जवळ आल्यामुळे तो झाकला गेलाय. तुमच्या मुरमाच्या खऱ्या घनता मात्र तपासून घ्या. दाबलेली सँड रिप्लेसमेंट चाचणीवरून मिळेल, सैल घनता वजनकाट्यावरून, ओलावा वजा करून.

आता हा फरक सूत्रामुळे पडला का ते बघू. सपाट जमिनीवर क्षेत्रफळ = रुंदी × उंची + उतार × उंचीचा वर्ग. १ मीटरला ९.५ चौ.मी., ३ मीटरला ४०.५ चौ.मी. सरासरी २५, गुणिले ३० म्हणजे ७५०. प्रिझमॉइडलसाठी मधलं क्षेत्रफळ मधल्या उंचीवरून काढायचं: २ मीटरला २३ चौ.मी. येतं. (दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी, २५, तिथे घातली तर उत्तर पुन्हा ७५० च येईल. ही चूक सर्रास होते.) मग ३० ÷ ६ × (९.५ + ४ × २३ + ४०.५) = ७१० घनमीटर. कमी झाले फक्त ४०. म्हणजे बाकीची गडबड सूत्रात नाही, सेक्शनच्या जागेत आहे.

दोन्ही सूत्रं १५० ते १८० जमीन एकसारखी उतरते असं धरून चालतात. कृष्णाकाठच्या ओढ्यांवर तसं क्वचितच असतं. शेत काठापर्यंत जवळपास सपाट येतं आणि काठावरून जमीन एकदम खाली जाते. समजा तुमचा काठ १६५ ला आहे आणि तिथे भरावाची उंची १.२ मी. आहे. तिथलं क्षेत्रफळ ११.८८ चौ.मी. आता १५० ते १६५ मध्ये १६० आणि १६५ ते १८० मध्ये ३९३, एकूण ५५३ घनमीटर. एक सेक्शन वाढवला आणि १९७ घनमीटर गळाले. उरलेला १३ घनमीटरचा फरक सरासरी पद्धतीचा स्वतःचा आहे. तिचं जादा माप = उतार × लांबी × (उंचीतला फरक)² ÷ ६, म्हणजे शेवटच्या १५ मीटरला सुमारे १६ घनमीटर. ते वजा केलं तर ५३७ उरतात, डंपरच्या ५४० च्या अगदी जवळ.

बिलासाठी प्रिझमॉइडलची गरज नाही. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये भरावाचं मोजमाप कामाआधी आणि कामानंतर सेक्शन घेऊन सरासरी क्षेत्रफळानेच करायचं आहे. तीस मीटरचं अंतर कमाल समजा. जमिनीचा उतार जिथे मोडतो तिथे सेक्शन हवाच. शेजारच्या दोन सेक्शनपैकी एकाचं क्षेत्रफळ दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त दिसलं की मी मध्ये आणखी एक सेक्शन मागतो.

भराव झाल्यामुळे मूळ जमीन झाकली गेली असली तरी पायथा उघडा आहे. तिथे टेप धरा. पायथ्यापासून पायथ्यापर्यंतची रुंदी = ७.५ + ४ × उंची. १६५ ला उंची खरंच १.२ असेल तर १२.३ मी. भरेल, एकसारखा उतार असता तर १५.५ मी. भरली असती. ३.२ मीटरचा फरक साध्या टेपनेही लपत नाही. मोजण्याआधी पायथ्याशी ओघळलेला सैल मुरूम काढा, नाहीतर रुंदी फसवी येईल. जमिनीला आडवा उतार असेल तर मध्यरेषेपासून डावी-उजवी अंतरं वेगळी घ्या, पायथ्यांवर लेव्हल लावा आणि त्यावरून सेक्शन काढून क्षेत्रफळ घ्या. वरचं सूत्र तिथे चालत नाही. मग सुरुवातीच्या लेव्हल बुकशी ताडून बघा. १६५ ची नोंद नसेल तर हा नवा सेक्शन दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी संयुक्त मोजणीत घ्या, एकट्याने घातलेला टिकणार नाही.

डंपरचा हिशोब सेक्शनपेक्षा जास्त आला असता तर संशय वेगळा असता: खालची काळी माती भाराने दबली, किंवा वरचा थर खरवडल्यानंतरच्या लेव्हल घ्यायच्या राहिल्या. तुमच्याकडे उलट आहे, म्हणून आधी १६५ लाच जा.