लग्नाच्या फोटोंतील केस आणि ब्लाउजचा रंग: फोटोग्राफरला काय लिहावे?

प्रश्न: लग्नाचे फोटो छान आले आहेत, पण काहींत केस विस्कटलेले दिसतात आणि माझा वाइन रंगाचा ब्लाउज भडक लाल दिसतो. फोटोग्राफरला न दुखावता पत्रात हे कसे सांगू?

उत्तर: लग्नाच्या फोटोंचे एडिटिंग हेच माझे काम असल्याने अशी पत्रे माझ्यापर्यंत नेहमी येतात. ‘जरा नीट करून द्या’ एवढेच लिहिलेले असले की नेमके कुठे आणि किती बदलायचे, ते कळत नाही. आपण असे लिहावे:

‘सप्रेम नमस्कार. आपण काढलेले फोटो मनापासून आवडले. अल्बम छपाईला जाण्यापूर्वी दोन लहान बदल करता येतील का? DSC_0412 या फोटोत भांगाजवळच्या आणि डाव्या कानामागच्या सुटलेल्या बटा कमी कराव्यात. कपाळावरचे बारीक केस तसेच राहू द्यावेत. ब्लाउज प्रत्यक्षात वाइन रंगाचा आहे. त्याचा दिवसाच्या उजेडातला फोटो सोबत जोडला आहे. त्वचेचा रंग मात्र बदलू नये. आधी हा एकच फोटो दुरुस्त करून दाखवावा, ही विनंती. यासाठी वेगळे शुल्क असल्यास तेही कळवावे.’

त्वचेबद्दलचे वाक्य मुद्दाम घातले आहे. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात वाइन रंगातली निळसर छटा दबते आणि तो लाल दिसू लागतो. ती परत आणण्यासाठी पूर्ण फोटोचाच रंग थंड केला, तर चेहरा फिकट व निळसर होतो. म्हणून फक्त ब्लाउजचा भाग निवडून रंग बदलावा लागतो. सोबतचा फोटो काढताना ब्लाउज खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही असा ठेवावा आणि शेजारी पांढरा कागद ठेवावा, म्हणजे रंग कशाच्या तुलनेत पाहायचा ते कळते.

एक मर्यादा मात्र आहे. फोटो मोठा करून बाहीवरची वीण किंवा नक्षी पाहावी. तिथे धागे न दिसता सपाट लाल पट्टा दिसत असेल, तर लाल रंगाची माहिती कॅमेऱ्यातच कापली गेली असण्याची शक्यता असते. फोटोग्राफरकडे कॅमेऱ्याने टिपलेली जास्तीची माहिती जपणारी मूळ रॉ फाइल असेल तर त्यातले काही परत मिळू शकते. केवळ जेपेग असेल तर रंग बदलेल, पण वीण परत येणार नाही.

केसांच्या बाबतीत कमीच मागावे, असे माझे ठाम मत आहे. उजळ पार्श्वभूमीसमोरच्या सगळ्या बटा पुसल्या की डोक्याची कड कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. नमुना आला की आधी हीच कड तपासावी, आणि रंग पाहताना मोबाइलचा स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड बंद ठेवावा. नमुना पसंत पडला, की तो ब्लाउज दिसणाऱ्या अल्बममधल्या सर्व फोटोंचे क्रमांक एकदमच कळवावेत, नाहीतर समोरासमोरच्या पानांवर त्याचे दोन वेगळे रंग छापले जातात.