नवजात बाळासाठी दुधाची बाटली: काच, सिलिकॉन की पीपी?

प्रश्न: "बाळ बारा दिवसांचं आहे, डॉक्टरांनी वरचं दूध सुरू करायला सांगितलंय. काचेची बाटली घ्यावी, सिलिकॉनची की पीपीची? रोज उकळावी लागणार, आणि फुटायची भीती पण वाटते."

घरात वापरायला १२० मिलीच्या दोन-तीन बोरोसिलिकेट काचेच्या बाटल्या घ्या आणि बाहेर जाण्यासाठी एक पीपीची ठेवा. सिलिकॉनची या वयात गरज नाही. मी नवजात शिशू विभागात सिस्टर आहे. घरी जाताना बहुतेक आया हाच प्रश्न विचारतात, आणि त्यांना मी हेच सांगते.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उष्णता. पावडरचं दूध निर्जंतुक नसतं. त्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडतो आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा कमी दिवसांच्या बाळाला तो जिवावरचा ठरू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पावडर किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवायला सांगते. म्हणजे तुमच्या बाटलीला उकळण्याचा ताप सोसायचा आहे, शिवाय दिवसातून अनेकदा खूप गरम दूधही आत घ्यायचं आहे. तिन्ही प्रकारांमधला खरा फरक इथे दिसतो.

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते साधारण १६० अंशांना वितळतं, त्यामुळे उकळलं किंवा वाफेवर ठेवलं तरी टिकतं. पण २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी पीपीच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सहा लाख प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सुटले आणि ९५ अंशांच्या पाण्यात साडेपाच कोटी. या कणांनी बाळाला नेमकं काय होतं हे अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे आधी पीपी वापरली असेल तर घाबरू नका. पण गरम पाणी आणि जोरात हलवणं, या दोन्हींनी कण वाढतात हे कळल्यावर ते टाळणं आपल्या हातात आहे.

काचेत हा प्रश्न येत नाही. फक्त काच कोणती ते बघा. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. त्यामुळे ७० अंशांचं दूध भरलेली बाटली नळाच्या पाण्याखाली धरली तरी ती सहसा तडकत नाही. साधी काच तिथेच दगा देऊ शकते. खोक्यावर 'बोरोसिलिकेट' असं स्पष्ट छापलेलं नसेल, तर ती बाटली घेऊ नका.

उदाहरण म्हणून ६० मिली दूध कसं करायचं ते सांगते. लिटरभर पाणी स्टीलच्या पातेल्यात खळखळून उकळा, गॅस बंद करून झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या वर असतं. आधी बाटलीत ६० मिली पाणी मोजा, मग पावडर घाला. बऱ्याच डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा असतो, म्हणजे इथे दोन, पण आपल्या डब्यावरचं प्रमाणच पाळा. बूच लावून बाटली गोल फिरवा. मग गार पाण्याच्या भांड्यात मानेपर्यंत बुडवून ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून कोमट लागले की पाजा. उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. पीपीची बाटली असेल तर हेच दूध उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात कालवा, गार करा आणि मग बाटलीत ओता. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं. बाळ कमी दिवसांचं असेल तर तेवढं बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

निर्जंतुक करण्याआधी बाटली साबणाने आणि ब्रशने स्वच्छ धुतलेली हवी, नाहीतर दुधाची साय आतच शिजते. मग बाटल्या आडव्या, आत हवेचा बुडबुडा न ठेवता पूर्ण बुडवा आणि उकळी फुटल्यावर दहा मिनिटं ठेवा. काचेच्या बाटल्या थंड पाण्यातच टाकून पाणी तापवायला ठेवा, तळाला सुती फडकं घाला आणि त्या पाण्यातच निवू द्या. माझ्या भाचीने उकळत्या पाण्यातली बाटली चिमट्याने काढून थेट ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवली आणि तिचा तळ गोल कापल्यासारखा सुटला. ती साध्या काचेची होती, पण बोरोसिलिकेटलाही मी अशी वागणूक देणार नाही. पीपीचा धोका वेगळा. पातेल्यातलं पाणी आटलं की बाटली तापलेल्या तळाला टेकते, तोंड वाकडं होतं आणि बूच नीट बसत नाही. शंका आली तर पाणी भरून, बूच लावून उलटी धरा. कडेने थेंब आला तर ती टाकून द्या. बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरा थर चढतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून तो काढा, भरपूर धुवा आणि पुन्हा उकळा.

आता फुटण्याचं. बारा दिवसांचं बाळ बाटली धरत नाही, त्यामुळे ती बाळाच्या हातून पडायचा प्रश्नच नाही. फुटते ती रात्री तीन वाजता साबणाच्या हातातून सिंकमध्ये. वरून सिलिकॉनचं मोजं चढवलं तर पकड चांगली बसते. मला फुटण्यापेक्षा तोंडाच्या कडेच्या टवक्याची जास्त काळजी वाटते, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि काच दुधात जाऊ शकते. उकळायच्या आधी कापसाचा बोळा कडेवरून हळूच फिरवा. एखादा धागा अडकला तर बाटली बाद. बाळ सहा-सात महिन्यांचं होऊन स्वतः बाटली पकडू लागलं की मात्र काच बाजूला ठेवा.

सिलिकॉन उकळून बिघडत नाही आणि पडून फुटत नाही, हे खरं. पण तिची भिंत मऊ असते. मध्यरात्री पेंगत पाजताना मूठ आवळली गेली की दूध बाळाच्या तोंडात ढकललं जातं, आणि नवजात बाळाला आपल्या गतीने चोखून थांबता आलं पाहिजे. ६० मिलीची खूणही दाबल्यावर सरकते, म्हणून पाणी मोजताना फसगत होते. शिवाय सिलिकॉन साबणाचा वास धरून ठेवतं. तीक्ष्ण वस्तूने बारीकशी चीर पडली तरी ती वाढत जाते.

बाटली कुठलीही असो, निपल बहुतेक वेळा सिलिकॉनचंच असतं. ते ताणून बघा. चिकट लागलं, पिवळं पडलं किंवा भोक मोठं झालं की बदला. पीपीची बाटली आतून धुरकट झाली, ओरखडे दिसू लागले किंवा धुऊनही वास राहिला तर तीही काढून टाका, कारण ओरखड्यांत दुधातली चरबी बसते आणि ब्रश तिथे पोहोचत नाही.

आणि डॉक्टरांनी एक-दोन वेळाच वरचं दूध सांगितलं असेल, तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येईल का हे त्यांना विचारा. स्टीलची वाटी धुवायला, उकळायला सगळ्यात सोपी, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटलीची सवयही लागत नाही.