डब्याच्या तळाचा त्रिकोण काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रश्न : सहा डब्यांच्या तळाचे फोटो टाकलेत. पाण्याची बाटली १, स्ट्रॉबेरीचा पारदर्शक डबा पण १, पार्सलचा डबा २, शाम्पूची बाटली २, दह्याचा कप ६. सहाव्या पांढऱ्या डब्यावर नुसतं वर्तुळ आणि आत बाण आहे. बाणांचा त्रिकोण म्हणजे रिसायकल होतं ना? मग सगळं एका पिशवीत भरून भंगारवाल्याला दिलं तर चालेल का?

उत्तर :

एका पिशवीत नको. आणि त्रिकोणाचा अर्थ 'रिसायकल होतं' असा नाही. तो आकडा एवढंच सांगतो की वस्तू कुठल्या जातीच्या प्लास्टिकची आहे. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ही पद्धत काढली, ती वर्गीकरण करणाऱ्या माणसाला माल ओळखता यावा म्हणून. त्यासाठी चिन्ह मात्र त्यांनी पुनर्वापराच्या तीन बाणांसारखंच घेतलं, आणि घोळ तिथून सुरू झाला. २०१३ मध्ये तिथल्या मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण केला. पण साचे एकदा कोरले की वर्षानुवर्षं चालतात, शिवाय जुनं चिन्ह लोकांच्या डोळ्यांत बसलेलं, त्यामुळे बाण अजून सगळीकडे दिसतात.

आकडे थोडक्यात असे. १ पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई (दुधाची पिशवी या जातीची), ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन (थर्माकोल याचाच फुगवलेला भाऊ), आणि ७ म्हणजे 'वरच्यापैकी कुठलंच नाही किंवा मिश्रण'. सातवर काही ठरवू नका, त्यात पाण्याच्या जुन्या कडक वीस लिटरी जारपासून अनेक थरांच्या बाटलीपर्यंत काहीही असू शकतं.

आता तुमचे फोटो. आधी तिसरा, कारण तो चुकीचा वाचला गेलाय.

पार्सलचा डबा अर्धपारदर्शक आहे आणि तुम्ही फोटो आतून, तळात डोकावून काढलाय. आतून पाहिलं की आकडा आरशातल्यासारखा उलटा दिसतो, आणि साच्यावर कोरलेला टोकदार ५ उलटला की हुबेहूब २ होतो. खालची अक्षरं बघा, 'पीपी' या दोन इंग्रजी अक्षरांचे गोल उलट्या बाजूला गेलेत. म्हणजे हा ५ आहे, २ नव्हे. डबा पालथा घालून बाहेरून वाचा. उठाव पुसट असेल तर त्यावर चिमूटभर कणीक किंवा टाल्कम पावडर चोळून वरची फुंकून टाका, खाचेत राहिलेल्या पिठाने आकडा उमटतो. किंवा खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी तळाला जवळजवळ समांतर धरा. समोरून फ्लॅश मारला की उठाव सपाट होतो आणि नीट दिसत नाही, तुमच्या चौथ्या फोटोत तेच झालंय.

सहाव्यावरचं वर्तुळ हा प्लास्टिकचा कोड नाहीच. काठावर १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन बाजूंना २ व ४ आहे ना? ती साच्यातली तारखेची चकती. बाण ७ कडे आहे, म्हणजे जुलै २०२४ मध्ये डबा ओतला. शेजारचा सुटा ३ हा साच्यातल्या खाचेचा क्रमांक, एका साच्यात एकाच वेळी अनेक डबे ओतले जातात म्हणून. त्याला पीव्हीसी समजू नका. नियम साधा : त्रिकोण नसेल तर आकड्याला अर्थ देऊ नका. परदेशी डब्याखोक्यांवर कधी कधी ८४ वगैरे मोठे आकडे त्रिकोणात असतात, ते युरोपच्या यादीतले. ८४ म्हणजे कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र चिकटवलेलं खोकं. ते प्लास्टिकच्या ढिगात जात नाही.

खरी गंमत तुमच्या पहिल्या दोन फोटोंत आहे. दोन्हींवर १. दोन्ही पेट. तरी भंगारात बाटली हातोहात जाते आणि स्ट्रॉबेरीचा डबा बहुतेक वेळा बाजूला पडतो. भंगारवाला लबाडी करत नाही, त्याच्या पुढच्या कारखान्याला तो डबा नको असतो.

कारण बनावटीत आहे. बाटलीसाठी पेट आधी छोट्या जाड नळीच्या आकारात ओततात, मग ती नळी तापवून ताणून हवेने फुगवतात. बाटलीच्या तळाच्या मधोमध बोटाला लागणारा जो लहान टिपका आहे, तिथूनच ते प्लास्टिक साच्यात शिरलेलं असतं. या कामाला रेणूंच्या लांब साखळ्यांचं, घट्ट पेट लागतं. डबा मात्र पातळ पत्र्याचा असतो : पत्रा तापवायचा, साच्यावर ओढून घ्यायचा, कडा कापायच्या. त्याच्या तळाला टिपका नसतो, आणि कोपऱ्यात तो सपाट भागापेक्षाही पातळ होतो.

पुढे कारखान्यात काय होतं ते पाहा. बाटल्यांचे तुकडे करतात, गरम पाण्यात कॉस्टिक सोड्याने धुतात, मग पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट पाण्यापेक्षा जड म्हणून बुडतं, झाकणं पीपी किंवा एचडीपीईची म्हणून तरंगतात आणि वरून काढली जातात. बुडालेले तुकडे गरम हवेत अगदी कोरडे करून मग वितळवतात, कारण ओल राहिली तर वितळताना पेटच्या साखळ्या तुटतात. इथे स्ट्रॉबेरीचा डबा तीन ठिकाणी त्रास देतो. पातळ असल्याने दळताना त्याचा चुरा आणि धूळ जास्त होते, ती धुण्यात वाहून जाते. त्याच्यावरचं लेबल सबंध चिकटवलेलं असतं, तो डिंक सोड्यालाही दाद देत नाही, आणि तुकड्यावर राहिलेला डिंक वितळताना पिवळा पडतो. तिसरं म्हणजे ताणून घट्ट न झालेलं हे पेट सुकवताना ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ होऊन चिकटू लागतं, आणि ड्रायरमध्ये गोळे होतात. बाटलीच्या मालात असे डबे थोडे मिसळले तर खपून जातात. जास्त झाले तर धागा काढताना तुटतो, आणि आपल्याकडच्या पेट बाटल्यांचा मोठा भाग धाग्यासाठीच जातो : उशीतला कापूस, कापड, गालिचे.

आणखी एक धोका. असाच दिसणारा पारदर्शक डबा ३ किंवा ६ चाही असतो. ६ कडक असतो, दाबला की कडकड वाजतो आणि चिरतो, तो लगेच कळतो. ३ नजरेने ओळखता येत नाही, आणि टाकीतही पकडला जात नाही, कारण पीव्हीसीसुद्धा पेटसारखंच बुडतं. पेट वितळवायला २६० अंशांच्या वर जावं लागतं. पीव्हीसी तोवर करपून काळं होतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. त्या वाफेने शेजारचं पेटही तुटतं, पिवळं पडतं. म्हणून हातात आकडा नसलेला पारदर्शक डबा आला तर तो १ च्या पिशवीत टाकू नका. बाटल्यांच्या बाबतीत तळ बघा. मधोमध टिपका म्हणजे बहुतेक वेळा पेट. टिपक्याऐवजी तळावरून आडवी शिवण गेलेली असेल तर ती नळी चिमटून फुगवलेली बाटली, म्हणजे पेट नव्हे. तुमच्या शाम्पूच्या बाटलीला अशीच शिवण दिसतेय, आणि ती एचडीपीई आहे. २ बरोबर वाचलाय.

आता सहावा, ज्याच्यावर कोडच नाही. कडेचा नखाएवढा तुकडा कात्रीने कापा. ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर तुकड्याला बुडबुडे चिकटतात आणि बुडणारा तुकडाही तरंगतो. तुकडा चमच्याने पूर्ण पाण्याखाली दाबून सोडा. वर आला तर २, ४ किंवा ५. खाली राहिला तर दुसऱ्या भांड्यात लिटरभर पाण्यात १५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात टाका. तिथे तरंगला तर ६ ची शक्यता जास्त, तिथेही बुडाला तर १ किंवा ३.

या चाचणीच्या मर्यादा दोन. २ आणि ५ ती वेगळे करू शकत नाही, दोन्ही तरंगतात. तिथे हात वापरा : एचडीपीई मेणासारखं लागतं आणि नखाने सहज ओरखडा उठतो. पीपी जरा कडक, आणि झाकण डब्यालाच बिजागरीसारखं जोडलेलं असून उघडमीट करून तुटत नसेल तर पीपीच. दुसरी मर्यादा म्हणजे भेसळ. स्वस्त डब्यांत आणि खुर्च्यांत पीपीमध्ये चुनखडीची किंवा टाल्कची पूड भरतात. वीसेक टक्के टाल्क गेली की तेच पीपी साध्या पाण्यात बुडतं. तुमचा डबा पांढरा, जाड आणि हाताला जड दिसतोय, म्हणून ही शक्यता धरा. वाकवल्यावर घडीवर पांढरी खडूसारखी रेघ उठली आणि तुकडा साध्या पाण्यात बुडून मिठाच्या पाण्यात तरंगला, तर त्याला ६ म्हणून मोकळे होऊ नका. साधा ६ बहुतेक वेळा वाकण्याआधी तुटतो.

जाळून वास घेण्याची पद्धत भंगाराच्या गोदामात चालते. घरात करू नका, निदान ३ असण्याची शंका असेल तेव्हा मुळीच नाही.

पिशव्या अशा भरा. पेटच्या बाटल्या वेगळ्या, रिकाम्या करून, झाकण काढून चेपलेल्या. झाकणं दुसऱ्या पिशवीत. शाम्पूची बाटली आणि पार्सलचा डबा त्याच दुसऱ्या पिशवीत चालतील, हे कडक प्लास्टिक भंगारवाला स्वतः निवडतो. पण पार्सलच्या डब्यातला रस्सा आधी धुवा, भांडी धुतल्यावरचं उरलेलं साबणाचं पाणी पुरतं. तेलकट डबा दहा स्वच्छ डब्यांना माखतो आणि सगळ्या पिशवीचा भाव पाडतो. दह्याचा कप आणि स्ट्रॉबेरीचा डबा द्यायच्या आधी विचारा. घेत नसेल तर ते कोरड्या कचऱ्यात जातील. बाटल्यांच्या पिशवीत तळाशी दडपून पाठवले तर निवडणाऱ्या बाईला ते एकेक करून बाहेर काढावे लागतात, आणि त्या वेळेचे पैसे तिला कोणी देत नाही.

सहाव्याचा तुकडा कापलात तर दोन्ही भांड्यांत काय झालं ते इथे लिहा. चौथ्याचा फोटोही बॅटरी आडवी धरून पुन्हा टाका, २ च्या शेजारी अजून काहीतरी कोरलेलं दिसतंय.