फाईल आली म्हणून लगेच रिफ्रेश नको

कळंगुट, कोलवा आणि पणजी अशा तिन्ही हॉटेलांच्या नाइट ऑडिटच्या फाईली आल्या की पॉवर बीआयचा डॅशबोर्ड आपोआप ताजा व्हावा, असं तुम्ही म्हणता. पॉवर ऑटोमेटमध्ये 'शेअरपॉइंटमध्ये फाईल तयार झाली' हा ट्रिगर आणि पुढे रिफ्रेशची कृती, एवढं पुरतं. पण सुरुवातीला सगळे जी चूक करतात, ती मीही केली होती: प्रत्येक फाईलवर रिफ्रेश.

झालं काय, कळंगुटची फाईल ५:४० ला आली, रिफ्रेश सुरू झाला. तो चालू असतानाच कोलव्याची आली आणि दुसरी विनंती नाकारली गेली. साहेबांना सकाळी कोलव्याच्या सगळ्या खोल्या रिकाम्या दिसल्या, तेही डिसेंबरात! शिवाय प्रो लायसन्सवर दिवसाला आठच रिफ्रेश मिळतात.

म्हणून:

- फ्लोने आधी आजच्या तारखेच्या तिन्ही फाईली मोजाव्यात. तीन भरल्या की `_DONE.txt` ही छोटी फाईल बनवावी, रिफ्रेश फक्त तिच्यावर सुटावा आणि मग ती पुसावी, म्हणजे उद्या ती पुन्हा नव्याने बनेल.
- एपीआयने रिफ्रेश मागवलात तर `202 Accepted` म्हणजे फक्त विनंती पोचली. खरा निकाल रिफ्रेश हिस्ट्रीत बघा. तिथे `Completed` हवं.
- सकाळी ९ चं एक ठरलेलं रिफ्रेश राहू द्या. कोलव्याची वीज गेली तर `_DONE.txt` बनणारच नाही.

डॅशबोर्डवर प्रत्येक हॉटेलची शेवटची तारीखही दाखवा. बाकीचं नंतर बघू.